क्रू म्हणाला काढा, तर हेडफोन काढा ना!

आज सकाळी पार्किंगमध्ये एक शेजारी भेटले. परवाच दुबईहून लोहगावला उतरलेत. विमान उतरायच्या वेळी क्रूमधल्या मुलीने हेडफोन काढायला सांगितले, तर यांनी तिलाच सुनावलं. "फ्लाइट मोडमध्ये ब्लूटूथ चालतं, मला नियम माहितीयेत!" आणि हे सगळं मला कौतुकाने सांगत होते. मी काही बोललो नाही, पण दिवसभर डोकं तापलंय.

अहो, ब्लूटूथ चालतं, मान्य. पण ती काढायला सांगते ते ब्लूटूथसाठी नाही. काही झालंच, तर अर्धे दरवाजे बंद असतानाही भरलेलं विमान 90 सेकंदांत रिकामं करता आलं पाहिजे, या चाचणीवर विमान पास होतं. त्या 90 सेकंदांत ती ओरडून सांगणार कुठल्या दाराने पळायचं, आणि तुमच्या कानांवर आवाज दाबणारे हेडफोन. शिवाय सीटला लटकणारी वायर शेजारच्याच्या पायात.

गेल्या वर्षी आईला घेऊन ताईकडे फ्रँकफर्टला गेलो होतो. आईचा डावा कान जवळजवळ गेलेला. विमानातले ते हलके हेडफोन तिला टोचतात आणि ऐकूही येत नाही, म्हणून तिचे नेहमीचे वायरलेस हेडफोन घेतले. सीटच्या स्क्रीनला बहुतेक वेळा ब्लूटूथ नसतंच, म्हणून तापकीर गल्लीतून ट्रान्समिटर आणला. काडेपेटीएवढा डबा, जॅकमध्ये खोचायचा की स्क्रीनचा आवाज हेडफोनकडे जातो. त्याच्या खोक्यात दोन पिनांचा एक फालतू दिसणारा तुकडा होता, तो मी घरीच ठेवला.

विमानात ट्रान्समिटर लावला तर दिवा नुसता लुकलुकतोय. अर्धा तास झटापट केल्यावर कळलं की हेडफोन चालू करताक्षणी माझ्या फोनला जाऊन चिकटत होते. त्या डब्याला स्क्रीन नसते, त्यामुळे कुणाशी जोडायचं हे त्याला सांगता येत नाही. पेअरिंगमध्ये असलेलं जे जवळपास सापडेल ते तो पकडतो, मग ते पुढच्या सीटवरच्याचं का असेना. फोनचं ब्लूटूथ बंद केलं, हेडफोनचं बटण दाबून धरलं, आणि काही सेकंदांत दिवा स्थिर झाला. हे घरी जेवणाच्या टेबलावर जुन्या लॅपटॉपच्या जॅकला लावून एकदा करून ठेवलं असतं, तर विमानात दोघांनी एकमेकांना आपोआप ओळखलं असतं.

तरी आई म्हणते, "अरे, आवाजच नाही." मी स्वतः कानाला लावले, तर फक्त डाव्या बाजूने आवाज. सीटच्या हातात दोन भोकं होती, जुन्या पद्धतीची, एकातून डावा आवाज आणि दुसऱ्यातून उजवा. माझी पिन एका भोकात, आणि नेमका तिचा डावा कान बंद. तो तुकडा कोथरूडला कपाटात! सव्वाआठ तासांच्या प्रवासात माझी आई गप्प बसून चित्रं बघत होती. अजून आठवलं की जीव तुटतो.

आणि उतरताना तेच झालं, ज्यावरून आज माझं डोकं फिरलंय. डबा काढून ठेवला होता, पण हेडफोन तिच्या कानावरच राहिले. स्क्रीनला जोडलेले असताना निदान विमानातली घोषणा चित्रपट थांबवून कानात येते. डबा काढला की तेही नाही. क्रूमधली मुलगी दोनदा बोलली, आईला काही कळलं नाही. शेवटी तिने वाकून आईच्या मनगटावर हात ठेवला आणि खूण करून हेडफोन काढायला लावले. तीच मुलगी तुमच्याशी बोलली तेव्हा तुम्ही तिला नियम शिकवता?

हो, एक विमान कंपनी कानात घालायची छोटी बोंडं चालू देते, दुसरी तीसुद्धा काढायला लावते. गोंधळ आहे, कबूल. पण वाद उतरल्यावर घाला. त्या दहा-पंधरा मिनिटांत नाही.

परतीच्या प्रवासात ताईने तिथून दोन पिनांचा तुकडा शोधून दिला. दोन्ही भोकांत नीट दाबून बसवला, आणि आईचा चेहरा खुलला. ओठ हलल्यावर आवाज जरा मागून येत होता. तो उशीर कमी करणारं तंत्र डब्यात असून भागत नाही, हेडफोनमध्येही लागतं, तिच्या हेडफोनमध्ये ते नव्हतं. तिला त्याचं काही नव्हतं. "ऐकू येतंय रे," एवढंच म्हणाली. आणि मुंबई जवळ आल्यावर, कुणी सांगायच्या आत, हेडफोन काढून, डबा उपटून, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून, हात मांडीवर घेऊन बसली.

ते दोन्ही तुकडे आता माझ्याकडे आहेत. कुणाचे आईवडील चालले असतील तर घरी येऊन घेऊन जा, आणि जोडायचं कसं ते टेबलावर बसून एकदा करून बघू.