साडेआठ ते अकरा

"आपण पाठवलेल्या करारात फक्त विषम पानं आहेत. मागच्या बाजू स्कॅन करायला विसरलात का?" असा मेल समोरच्या पार्टीच्या वकीलबाईंकडून आला आणि शेवटी त्यांनी एक हसरा चेहरा टाकला होता. त्या चेहऱ्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. विसरले नाही हो बाई. मशीनने घेतल्या नाहीत, आणि मशीनला घ्यायला सांगण्याच्या आत काकांचा अंगठा हिरव्या बटणावर पडला होता.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. मागच्या आठवड्यात ऑफिसात परदेशी पाहुणे आले होते. त्यातल्या एकाला कॉपियरवरचं इंग्रजी जड जायला लागलं, म्हणून आमच्या आयटीवाल्याने मोठ्या अदबीने अॅडमिनचा पिन टाकून पडद्याची भाषा जर्मन करून दिली. पाहुणा दोन पानं छापून विमानात बसला. आयटीवाला लग्नाला रजेवर गेला. पिन त्याच्याबरोबर गेला. पुष्कळ मशीनांवर तुम्ही भाषा तात्पुरती बदलली, तर मिनिटा-दोन मिनिटांत पडदा आपला आपण मूळ भाषेवर येतो. पण आमच्या माणसाने अगत्याच्या भरात मूळ भाषाच बदलून ठेवली, त्यामुळे पडदा प्रामाणिकपणे परत येतो तो जर्मनवरच. एका माणसाच्या दोन पानांसाठी पिन निघतो, आणि आम्ही सगळे आठवडाभर चाचपडतोय त्यासाठी 'सोमवारी बघतो'.

आता काका. अकाउंट्समधले, निवृत्तीला आलेले. मी फीडरमध्ये कराराचे बारा कागद ठेवले, दोन्ही बाजूंनी छापलेले, म्हणजे पानं चोवीस. तेवढ्यात हातात एकच कागद घेऊन काका मागे येऊन उभे राहिले.

"माझं एकच आहे," ते म्हणाले.

"काका, माझं ठेवून झालंय. दोन मिनिटं."

"हो हो, कर ना. घाई नाहीये मला." आणि घाई नसलेला माणूस जसा उभा राहतो, तसे ते माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत उभे राहिले. "अगं, वाचतेस काय त्यात? मी कधी वाचत नाही. इंग्रजी होतं तेव्हाही वाचलं नाही. वरून दुसरं, मग डावीकडचं, मग हिरवं. झालं काम."

इथे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं की काकांची पद्धत अगदीच टाकाऊ नाही. भाषा बदलली तरी पडद्याची मांडणी सहसा जागची हलत नाही, नुसते शब्द बदलतात. Scannen जिथे होतं तिथेच असतं, ॲड्रेस बुकातली नावंही आयटीवाल्याने टाइप केली तशीच राहतात. घोटाळा असा की काकांची वाट ही फक्त काकांच्याच कामाची वाट आहे: एक कागद, एक बाजू, काळा-पांढरा. त्या वाटेने चोवीस पानांचा करार नेला, तर बारा पानं रस्त्यातच गळणार.

कारण फीडरमधला कागद पाठपोट आहे हे मशीनला आपण होऊन कळत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत, तर ते एकच बाजू घेतं आणि कागद पलीकडे टाकून देतं. स्कॅनच्या पडद्यावर 2-seitig नावाचं बटण कुठेतरी असतं आणि त्यावर दोन बाजूंच्या कागदाचं बारकं चित्र असतं. भाषा येवो न येवो, चित्र येतं. ते मी शोधत होते. ते 'आणखी पर्याय' छापाच्या दुसऱ्या पडद्यावर लपलेलं होतं. मी त्या पडद्यावर पोचले आणि काका म्हणाले, "अगं, मशीनला कळतं सगळं," आणि त्यांनी हिरवं दाबलं.

कागद सुरसुरत गेले. पडद्यावर आकडा चढत गेला आणि बारावर थांबला.

"काका, चोवीस व्हायला हवेत."

"बारा कागद, बारा आकडे. चोख हिशेब आहे." चाळीस वर्षं हिशेब केलेला माणूस हे म्हणतो तेव्हा वाद घालायला धैर्य लागतं. मी ते गोळा करेपर्यंत 'पाठवा'वरही त्यांचाच अंगठा होता. तेव्हा तो आकडा बघत जा, एवढं सांगते. दोन्ही बाजू स्कॅन होत असतील तर तो कागदांच्या दुप्पट येतो. जुन्या फीडरमध्ये कानालाही कळतं, कारण कागद आत जाऊन, उलटून, पुन्हा आत जातो आणि एका कागदाला घरघर जास्त वेळ होते. नव्या मशीनमध्ये दोन्ही बाजू एकाच फेरीत वाचल्या जातात, तिथे कान उपयोगाचा नाही, आकडाच बघायचा.

वकीलबाईंचं उत्तर लगेच आलं म्हणून निदान कळलं तरी. पडद्यावर 'पाठवलं' अशी जी खूण येते ना, तिचा अर्थ मशीनने मेल सर्व्हरच्या हवाली केला, इतकाच. समोरच्या मेलपेटीने 'फाइल फार मोठी आहे' म्हणून तो परत टाकला, तर ती परतीची चिठ्ठी मशीनच्याच पत्त्यावर येते, कारण पाठवणारा म्हणून पत्ता त्याचाच असतो. त्या पत्त्याची पेटी कोण उघडतं, असं मी एकदा विचारलं होतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तिथे कुणाकुणाचे दस्त पडून असतील कोण जाणे.

पुन्हा स्कॅन केला, काका चहाला गेल्याचं बघून. 2-seitig दाबल्यावर मशीन पुढे विचारतं की पानं पुस्तकासारखी बाजूला उलटतात की भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी वर. उभ्या कागदाचा, डाव्या कडेला टाचलेला करार असेल तर पुस्तक. कॅलेंडर निवडलंत की प्रत्येक दुसरं पान डोक्यावर उभं. प्रिंट काढतानाही हाच प्रश्न येतो, तिथे त्याला लांब कड आणि आखूड कड म्हणतात, आणि उत्तरही तेच: उभ्या पानाला लांब कड. हे माणसाला एकदा कळतं आणि दर वेळी पुन्हा बघावं लागतं.

चोवीस पानं गेली. वकीलबाईंनी दुरुस्त केलेला मसुदा परत पाठवला, चार प्रती काढून सह्या घ्या म्हणाल्या. मी जागेवरून प्रिंट दिला, पाठपोट, लांब कड, सगळं नीट. मशीनपाशी गेले तर ते गप्प. पडद्यावर दोन ओळी जर्मन, बाजूच्या ट्रेचं चित्र लुकलुकतंय, आणि खाली ठळक अक्षरांत 8½ × 11.

काका चहा पिऊन आले होते. कागद तोच, एकच. त्यांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, घड्याळ बघितलं.

"बरोबर आहे. आता पावणेबारा वाजलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद झालं. साडेआठ ते अकरा."

मला वाटलं गंमत करताहेत. नव्हते करत.

"काका, मशीनला कसल्या वेळा?"

"अगं, वीज वाचवायला. परदेशात असतं तसं. त्या पाहुण्याने लावून दिलं असणार, ते लोक वेळेचे पक्के. दुपारचं सत्र वेगळं असेल."

"मग मध्ये फुली कशाला आहे?"

"फुली म्हणजेच बंद," काका म्हणाले, आणि मला एक क्षण, खरं सांगते, एकच क्षण, त्यांचं पटलं.

तोवर आणखी दोघं-तिघं आपापली प्रिंट न्यायला आली होती. काकांनी त्यांनाही वेळापत्रक सांगितलं. त्यातला एकजण मान डोलावून "अच्छा, म्हणून काल संध्याकाळी..." म्हणत खरंच परत गेला. ऑफिसात आत्मविश्वासाने बोललेली गोष्ट धोरण व्हायला किती वेळ लागतो, ते मी त्या दिवशी उभ्या उभ्या बघितलं.

साडेआठ आणि अकरा हे इंच आहेत. अमेरिकेत चालणारा लेटर आकाराचा कागद, म्हणजे 216 बाय 279 मिलिमीटर. आपला ए-फोर 210 बाय 297. लेटर सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर बुटका. वकीलबाईंच्या फाइलमध्ये पानाचा आकार लेटर ठेवलेला होता, कुठल्या तरी तयार नमुन्यातून उचलला असणार. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते डोळ्यांना कळत नाही. मशीनला मात्र कळतं. ते सगळे ट्रे बघतं, कुठेच लेटर नाही म्हणून बाजूच्या ट्रेमध्ये तो घाला म्हणतं, आणि घालेपर्यंत वाट बघत बसतं. त्याच्यामागे रांगेत असलेली सगळ्यांची प्रिंटही थांबतात.

काकांनी तेवढ्यात बाजूच्या ट्रेमध्ये ए-फोरचा गठ्ठा कोंबला होता, 'भूक लागली असेल' म्हणून. मी तो काढून घेतला. मशीन लेटर समजून ए-फोर ओढायला लागलं की लांबी जुळत नाही, आणि बरीच मशीनं कागद अर्ध्यात असतानाच थांबतात. मग झाकणं उघडा. Fach म्हणजे ट्रे, एवढं मला एव्हाना चित्रांवरून कळलं होतं. Fach 2 समोर A4 लिहिलेलं होतं. ते दाबलं, हिरवं दाबलं, आणि मशीन सुरू झालं. पानाच्या खाली थोडी जागा जास्त सुटली, कडेचा समास किंचित कमी झाला, मजकूर शाबूत. प्रिंट देतानाच 'ए-फोरमध्ये बसवा' निवडलं असतं, तर यातलं काहीच झालं नसतं. पण फाइल दुसऱ्याची, आकार दुसऱ्या खंडातला, भाषा तिसऱ्याची, आणि ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज काय, तर 'कोणीतरी मशीन अडवून ठेवलंय, प्लीज'. कोणीतरी!

एक प्रत आल्यावर मी बाकीचं प्रिंट रद्द केलं. उरलेल्या तीन प्रती फीडरमधून, पाठपोटावरून पाठपोट काढायच्या ठरवल्या, पुन्हा साडेआठ-अकराचा तमाशा नको म्हणून. मूळ कागद वाचून झाले, प्रती पडायला लागल्या. काका पुढे सरकले, पडद्याच्या कोपऱ्यातलं Unterbrechen न वाचता दाबलं. चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याची कॉपी काढू देणारं बटण. जागा पाठ होती त्यांना. काचेवर कागद ठेवला, हिरवं दाबलं, एक स्वच्छ कॉपी बाहेर आली.

ते बटण पुन्हा दाबल्याशिवाय माझं काम पुढे जाणार नव्हतं. ते मी दाबेपर्यंत काकांनी माझ्याकडे चिकटपट्टी मागितली आणि कॉपी पडद्याशेजारी लावली. त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सूचना. इतरांचा खोळंबा होतो. कृपया मशीन जास्त वेळ अडवू नये.' खाली थोडी जागा उरली होती. काकांनी खिशातून पेन काढलं आणि तिथे वेळ लिहिली.