दरवाढीचं पत्र

मी हाताने वह्या बांधतो. पाठ शिवणं, पुठ्ठा चढवणं, सगळं जमतं. दरवाढीचं पत्र मात्र मला तीन रात्री शिवता आलं नाही.

पहिला मसुदा दोन पानांचा झाला. सुरुवात ऋणानुबंधांनी, मग जगाची परिस्थिती, मग माझी कारागिरीवरची निष्ठा. बायकोने पहिलं पान वाचून हळूच विचारलं, "कोण गेलं?" दर वाढल्याची बातमी दुसऱ्या पानावर, तीही कंसात होती.

दुसऱ्या मसुद्यात मी 'दरवाढ' हा शब्दच गाळला आणि 'सुधारित दर' लिहिलं. "सुधारले कोणासाठी?" इति बायको. 'अधिक चांगल्या सेवेसाठी' हेही तिने खोडलं, कारण वही तीच, दोरा तोच आणि उशीर करणारा मीही तोच.

मग आकड्यांवर आलो. कागद २५ टक्के महागला, तेव्हा वहीही २५ टक्क्यांनी वाढवावी, असा माझा साधा हिशेब होता. ती म्हणाली, "वहीच्या किमतीत कागद किती?" शंभरातले चाळीस. चाळीसचे २५ टक्के म्हणजे दहा. म्हणजे कागदाच्या नावावर मला दहाच मागता येत होते, वरचे पंधरा शुद्ध थाप होती. आणि ही थाप पकडायला गिऱ्हाइकाला गणितज्ञ असावं लागत नाही. कागदाचा भाव त्यालाही विचारता येतो.

"बरं, बारा करतो," मी म्हणालो.

"वरचे दोन कसले?"

"माझे. तीन वर्षं मजुरी वाढवली नाही."

"मग तसंच लिहा की!"

एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी पत्र असं झालं:

"नमस्कार. १ जूनपासून वह्यांचे दर १२ टक्क्यांनी वाढत आहेत. शंभराची वही एकशे बाराला पडेल. त्यातले दहा महागलेल्या कागदाचे, दोन माझ्या मजुरीचे. ३१ मेपर्यंत नोंदवलेल्या वह्या जुन्याच दराने मिळतील. कागद आणि शिवण आहे तीच राहील. काही विचारायचं असल्यास मला फोन करा."

'पुन्हा दर वाढवणार नाही' हे वाक्य मी हळूच खाली जोडलं होतं. कागदाचा कारखाना माझ्या मालकीचा नाही, याची आठवण करून देण्यात आली. 'क्षमस्व'ही पाच वेळा होतं. एवढी माफी मागितली की वाचणाऱ्याला वाटतं, याने नक्कीच काहीतरी केलंय.

पत्रं एप्रिलच्या शेवटी गेली. मी फोनसमोर आरोपीसारखा बसलो. दोघांनी पुढे वह्या नकोत म्हणून कळवलं. बऱ्याच जणांनी मेमध्येच वर्षभराच्या वह्या नोंदवल्या, म्हणजे जूननंतरही मी जुन्याच दराने महाग कागद कापत बसणार होतो. ही मेख पत्र लिहिताना आम्हा नवराबायकोच्या लक्षात आली नव्हती. नगांची मर्यादा घालायला हवी होती.

सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचा फोन शेवटी आला. "अहो, हे दोन वर्षांपूर्वीच वाढवायला हवे होते तुम्ही."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मी गिऱ्हाईक आहे हो," ते म्हणाले, "भागीदार नाही."