लॉगिन अलर्टमध्ये शहर नव्हे, आधी वेळ बघा

"नवीन लॉगिनचा मेल आला आणि त्यात तुमच्या गावाऐवजी भलतंच शहर दिसलं, तर समजा अकाउंट हॅक झालं. वेळ न घालवता मेलमधल्याच बटणावरून पासवर्ड बदला, हॅकर तिथल्या तिथे बाहेर पडतो. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

सांगलीतल्या ग्रुपवर फिरणाऱ्या या मेसेजमुळे माणसं नको तिथे घाबरतात आणि खरा धोका असतो तिथे गाफील राहतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी शहराचं. अलर्टमधलं ठिकाण बहुतेक वेळा इंटरनेट जोडणीला मिळालेल्या आकड्यावरून, म्हणजे आयपी पत्त्यावरून, अंदाजाने काढलेलं असतं, जीपीएसचा त्यात संबंध नसतो. मोबाइल डेटा अनेकदा कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्रातून बाहेर पडतो. त्यामुळे सांगलीत बसून लॉगिन केलं तरी अलर्टमध्ये मुंबई किंवा पुणे दिसू शकतं.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातलं उदाहरण घ्या. मालकांना अलर्ट आला: `Windows 10, Chrome, Mumbai, 4:12 AM UTC`. पहाटे चारला मुंबईतून कोण घुसलं म्हणून काका हादरले. पण UTC ही जागतिक वेळ आहे आणि आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे असतं. म्हणजे लॉगिन सकाळी 9:42 चं. नेमकं त्याच वेळी दिवाणजींनी नवा कॉम्प्युटर लावून फोनच्या हॉटस्पॉटवर मेल उघडला होता. "पण काका, आपल्या मशिनवर तर Windows 11 आहे की," दिवाणजी म्हणाले. तेही बरोबर. ब्राउझर स्वतःची ओळख सांगताना Windows 11 लासुद्धा जुनाच आकडा देतो. Android वरच्या Chrome चंही तसंच, फोन कितीही नवा असला तरी बऱ्याच साइटना Android 10 च कळतं. आवृत्तीच्या आकड्यावरून घाबरू नका. फोन की कॉम्प्युटर, ब्राउझर कोणता आणि त्या मिनिटाला घरातलं किंवा दुकानातलं कोणी लॉगिन केलं का, हे आधी जुळवा.

उलटंही खरं आहे. अलर्टमध्ये सांगली दिसली म्हणून निश्चिंत राहू नका. मुलाने कॅफेत परीक्षेचा फॉर्म भरताना मेल उघडला, लॉगआउट राहिलं आणि ब्राउझरने पासवर्ड जपून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिथूनच कोणी पुन्हा शिरलं, तर अलर्ट आलाच तरी शहर तुमचंच असेल. तुम्ही फक्त फोन वापरत असाल आणि अलर्ट Windows म्हणत असेल, तर शहर जुळलं तरी तो परका समजा.

आता मेलमधलं बटण. खोटा अलर्ट बनवणाऱ्याला तुम्ही तेवढंच करायला हवं असतं. मेल हुबेहूब असतो आणि बटण दाबलं की उघडलेल्या पानावर तुम्ही आपल्या हाताने पासवर्ड देऊन मोकळे होता. मेल तसाच ठेवा, ॲप स्वतः उघडा आणि सुरक्षा विभागातली डिव्हाइसची यादी बघा. अलर्ट खरा असेल तर त्या लॉगिनची नोंद बहुधा तिथे सापडेल.

पासवर्डबद्दल मेसेज अर्धवट सांगतो. काही ॲप पासवर्ड बदलल्यावर बाकीची डिव्हाइस बाहेर काढतात, काही काढत नाहीत. व्हॉट्सॲपला तर पासवर्डच लागत नाही, तिथे लिंक केलेली डिव्हाइस एकेक तपासून काढावी लागतात. म्हणून आधी यादीतल्या परक्या डिव्हाइसला लॉगआउट करा, मग पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. हे सगळं ओळखीच्या फोनवरूनच करा, त्या परक्या कॉम्प्युटरवरून नको.

जे ॲप बनवतात त्यांच्याकडे माझी कळकळीची मागणी आहे. वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे द्या. शहराआधी "अंदाजे" लिहा. लॉगिन पासवर्डने झालं, ओटीपीने की क्यूआर कोडने, तेही सांगा, कारण कुठली चावी चोरीला गेली ते त्यावरूनच कळतं. अलर्ट फक्त मेलवर नको, आधीपासून लॉगिन असलेल्या फोनवरही दाखवा. मेलबॉक्सच ताब्यात गेला असेल तर घुसणारा माणूस अलर्टचा मेल पहिल्यांदा उडवतो.

मेल अकाउंटमध्ये परकं लॉगिन सापडलं, तर पासवर्डवर थांबू नका. रिकव्हरीचा नंबर आणि मेल तुमचाच आहे का ते बघा. मग सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडा. तिथे अनोळखी पत्ता राहिला, तर पासवर्ड बदलल्यावरही बँकेची पत्रं त्याच्याकडे जात राहतात. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. अलर्टचा मेल डिलीट करू नका, त्यातली वेळ आणि दिला असेल तर आयपी पत्ता तक्रारीत उपयोगी पडतो.