यादी तुमची, हार भाऊचा

तर राजेहो, तुम्ही केलेलं काम ऑफिसातला भाऊ आपल्या नावावर खपवत असेल तर पयले जोरात टाळ्या वाजवा. मी वाजवल्या ना परवा, तालुक्याच्या आढावा बैठकीत.

दुसरं, फाईल त्याला एक्सेलमध्येच द्या, म्हणजे बिचाऱ्याला तुमचं नाव खोडायला त्रास नको.

तिसरं, विचारू नका. विचारलं तर "आपण एक टीम आहो ना बाप्पा" ऐकावं लागते. टीम! अतिवृष्टीचे पंचनामे झाले, तीन गावं, चारशे बारा शेतकरी. चिखलात बूट रुतवत बांधावर मी फिरलो, तेहेतीस टक्क्याच्या वर नुकसान कोणाचं ते सातबारा घेऊन मी लिहिलं, लाईन गेली तर मोबाईलच्या उजेडात खाते नंबर मी तपासले. गट नंबर 87 मध्ये दोन भावांचं सामाईक खातं, दोघांच्याही नावापुढं पूर्ण क्षेत्र चढलं होतं, ते अर्धं-अर्धं करायला मी त्यांच्या घरी दोनदा गेलो, दोघं बोलत नाहीत एकमेकांशी. आणि भाऊनं काय केलं, तर खालची "तयार करणार" ही माझ्या नावाची ओळ उडवली अन् ग्रुपवर टाकली, "सर, यादी तयार आहे". साहेब म्हणाले शाब्बास. मग साहेबांनीच विचारलं, 87 मध्ये क्षेत्र कमी काहून केलं? भाऊ पंख्याकडे पाहत होता.

चौथा सल्ला: तेव्हाही गप्प बसा.

जाऊ द्या, नाही जमत मला हे गोड बोलणं. मी तिथं आवाज न चढवता एवढंच म्हटलं, "सर, ही यादी मी जुळवली, 87 चं मी सांगतो." चोर-बीर काही नाही. दोन मिनिटात सांगून खाली बसलो, कारण 87 चं उत्तर ज्यानं काम केलं त्यालाच येते. मग टपरीवर चहा घेता घेता, एकट्यात, "भाऊ, यादी पाठवताना माझं नाव गेलं. पुढच्या वेळी साहेबांना मीच पाठवतो, तुम्हाला कॉपी टाकतो." काहून गेलं ते विचारलं नाही, विचारलं की तो कारणं सांगत बसते.

आता मेल बैठकीच्या आदल्या दिवशीच जाते, सोबत पीडीएफ, आणि दोन ओळी: कोणती गावं, काय तपासलं, काय बाकी आहे. एक्सेलच्या माहितीत तयार करणाऱ्याचं नाव दिसते म्हणून निवांत राहू नका, ऑफिसच्या सामाईक कॉम्प्युटरवर तिथं कोणा तिसऱ्याचंच नाव निघते. मेलची तारीख-वेळ मात्र भाऊला खोडता येत नाही.

आणि भाऊ, तू वाचतच असशील. लाज वाटू दे थोडी. त्या दोन भावांच्या वावरात एकदा तरी पाय टाकला होता का रे तू?