चकती चेंडूला ओढते म्हणून तो वळतो? नाही

«फिरत्या चकतीवर चेंडू सरळ सोडला तरी तो बाजूला वळतो. कारण सोपं आहे. खालची चकती त्याला आपल्याबरोबर ओढून नेते. कोरिऑलिस बल वगैरे वेगळं काही नसतं, ते बाहेर फेकणाऱ्या केंद्रोत्सारी बलाचंच भारदस्त नाव. तसंही हे आभासी बल, म्हणजे नुसता डोळ्यांचा भास. आणि नाशिकच्या बेसिनमधलं पाणी गोल फिरत जातं तेही त्याच्यामुळेच.»

माझ्या अकरावीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हा मजकूर तोंडपाठ होता, म्हणून आम्ही चकतीच बनवली. सातपूरच्या भंगारवाल्याकडून मोटारीच्या चाकाचा हब आणला, त्यावर आठ बाय चारचे दोन प्लाय जोडून गोल कापून बसवले. त्रिज्या साधारण १.२ मीटर. मध्यावर येऊन संपेल अशी अर्ध्या कापलेल्या पाइपची १० सेंटीमीटर उंच घसरगुंडी लावली. तिच्यावरून सोडलेला भरीव रबरी चेंडू सेकंदाला जवळपास १.२ मीटर वेगाने मध्यातून बाहेर निघतो. एक मोबाइल वरच्या चिंचेच्या फांदीला बांधला, दुसरा चकतीवरच काठी उभारून तिला. चेंडूला खडूची भुकटी फासली. चकती फिरवली प्रदक्षिणेच्या उलट दिशेने, ८ सेकंदांत एक फेरा.

आधी ओढण्याचा मुद्दा, कारण सगळा घोळ तिथे आहे. प्लायवर उमटलेली खडूची रेघ उजवीकडे वळली होती. म्हणजे चकती डावीकडे चाललेली आणि चेंडू तिच्या मागे पडलेला. ओढून नेणाऱ्या चकतीवर असं होईलच कसं? चकतीने चेंडूला पुरता आपल्याबरोबर नेलं असतं, तर तो प्लायवर मारलेल्या सरळ रेघेवरूनच गेला असता आणि चकतीवरच्या मोबाइलला वळण दिसलंच नसतं. फांदीवरच्या मोबाइलने टिपलं ते याच्या नेमकं उलट: चेंडू जवळजवळ सरळ चाललाय आणि त्याच्याखालून चकती सरकतेय.

हिशेब करून पाहू. चेंडू कडेला पोहोचायला १ सेकंद. तेवढ्यात चकती ४५ अंश फिरते, म्हणजे कडेवरची नेमाची खूण ९४ सेंटीमीटर डावीकडे निघून जाते. घर्षण अजिबात नसतं, तर चेंडू खुणेच्या ९४ सेंटीमीटर उजवीकडे कडेवरून पडला असता.

मी वर «जवळजवळ» सरळ म्हटलं, कारण घर्षण आहेच. न घसरता घरंगळणाऱ्या चेंडूला चकती खरोखर थोडं आपल्या दिशेने वळवते. भरीव गोळ्याचा मार्ग जमिनीवरून पाहिला तर चकतीच्या फिरण्याच्या दोन सप्तमांश दराने डावीकडे झुकतो. १ सेकंदात त्यामुळे चेंडू सुमारे १३ सेंटीमीटर डावीकडे येतो आणि ९४ च्या जागी ८१ सेंटीमीटर उरतात. आमच्या फितीवर ८० च्या आसपासच आकडे येत होते. तेव्हा ओढ आहे, पण ती वळण घडवत नाही, सातवा हिस्सा कमी करते. पोकळ चेंडू घेतला तर आणखी कमी करते.

प्रयोग फसतो तो दोन ठिकाणी. चेंडू मध्यापासून २० सेंटीमीटर बाजूला सुटला तर त्याला सुरुवातीलाच चकतीचा सेकंदाला १६ सेंटीमीटर आडवा वेग मिळतो आणि सगळं मोजमाप बिघडतं. दुसरं म्हणजे चकतीचा उतार. हे ओळखायची युक्ती मुलांनीच काढली: चकती उलटी फिरवायची. वळणही उलटं झालं तर ते फिरण्याचं. त्याच बाजूला राहिलं तर हबखाली चपट्या सरकवायला लागायचं.

आता «केंद्रोत्सारी बलाचंच दुसरं नाव» हे. केंद्रोत्सारी बल नेहमी मध्यापासून सरळ बाहेर असतं, मग आडवं कोण ढकलतंय? चेंडूचा वेग v आणि चकतीचा फिरण्याचा दर Ω धरू. चकतीवर बसून पाहिलं तर t सेकंदांत चेंडू vt इतका बाहेर जातो, आणि तेवढ्यात तिथली चकती Ωt कोनातून फिरलेली असते. सुरुवातीच्या छोट्या अंतरात चेंडू आडवा मागे पडतो तो Ωvt² इतका. कुठल्याही स्थिर त्वरणाने अंतर ½at² पडतं हे दहावीत शिकलो आहोत. दोन्ही समोरासमोर ठेवा:

a = 2Ωv

हे ते जास्तीचं त्वरण, आणि त्याला वस्तुमानाने गुणलं की कोरिऑलिस बल. त्यात चेंडूचा चकतीवरचा वेग येतो; केंद्रोत्सारी बलात तो नाही, तिथे मध्यापासूनचं अंतर येतं. चेंडू चकतीवर स्थिर धरून ठेवा, कोरिऑलिस शून्य, केंद्रोत्सारी मात्र आहेच.

तरीही पटत नसेल तर आम्हाला सगळ्यात आवडलेला प्रयोग पाहा. चिंचेच्या फांदीला चेंडू दोरीने टांगला, मध्यापासून १ मीटरवर, चकतीला न टेकता. जमिनीवरून तो गप्प लटकलेला. चकतीवरच्या मोबाइलमध्ये मात्र तो ८ सेकंदांत एक प्रदक्षिणा घालतोय, बरोबर त्या मध्याभोवती. गोल फिरायला आत खेचणारं बल लागतं. केंद्रोत्सारी तर बाहेर ढकलतंय! चकतीवरून हिशेब जुळतो तो असाच: दर किलोग्रॅमला केंद्रोत्सारी ०.६२ न्यूटन बाहेर, कोरिऑलिस त्याच्या दुप्पट, १.२३ न्यूटन आत, उरलं ०.६२ आत, नेमकं त्या प्रदक्षिणेला लागेल तेवढं. दुसरं बल काढून टाकलं तर लटकलेल्या चेंडूने बाहेर पळून जायला हवं.

«भास» म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. हे बल लावणारी वस्तू दाखवता येत नाही, त्याला प्रतिक्रियाही नसते, आणि जमिनीवर उभं राहून हिशेब केला तर ते लागतच नाही. पण चकतीवर राहून न्यूटनचे नियम वापरायचे असतील तर ते धरावंच लागतं. ५० किलोच्या मुलीने फिरत्या चकतीवर मध्यातून बाहेरच्या सरळ रेघेवरून सेकंदाला अर्धा मीटर चालून पाहावं. रेघ सोडायची नसेल तर तळपायांनी सुमारे ३९ न्यूटन, म्हणजे ४ किलो वजनाएवढा आडवा जोर घ्यावा लागतो. तो जोर घर्षणाचा आहे आणि अगदी खरा आहे. आमच्या मुलींनी तो पायांनी अनुभवला.

राहिलं बेसिन. पृथ्वीही फिरती चकतीच, पण तिचा फेरा दिवसाचा, आणि नाशिक २० अक्षांशावर असल्याने इथल्या आडव्या जमिनीच्या वाट्याला त्यातला तिसराच हिस्सा येतो. सेकंदाला १० सेंटीमीटर वाहणाऱ्या पाण्यावरचं त्वरण गुरुत्वाच्या वीस लाखांशाएवढं भरतं. बेसिनचा आकार, नळाची धार, बूच काढताना लागलेलं बोट, यांतलं काहीही त्याला सहज झाकून टाकतं. हा परिणाम पाण्यात दिसतच नाही असं नव्हे. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आशर शपिरो यांनी सुमारे ६ फूट रुंद टाकी भरून २४ तास पाणी स्थिर होऊ दिलं आणि मधलं बारीक भोक अलगद उघडलं, तेव्हा पाणी घड्याळाच्या उलट फिरलं. घरच्या बेसिनमध्ये मात्र बूच काढण्याआधी पाण्यात बोट उजवीकडून फिरवा, मग डावीकडून. दोन्ही वेळा पाणी तुमच्या बोटाच्या बाजूने फिरत जाईल.