आठ प्रमाणपत्रं आणि एक जाहिरात : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "ताई, जाहिरातीला न लागणारी प्रमाणपत्रं रेझ्युमेतून गाळा, हा तुमचा लेख पटला नाही. अकाउंट्सची नोकरी सांभाळून, रात्री जागून आठ कोर्स केलेत. ते गाळायचे म्हणजे मेहनत पाण्यातच की! तारखेप्रमाणे सगळे लिहिले तर बिघडतं काय? एमएस-सीआयटी, टायपिंग, टॅली, जीएसटी, डिजिटल मार्केटिंग, पायथनची तोंडओळख, एसक्यूएल आणि शेवटी पॉवर बीआयची PL-300. अर्ज एमआयएस एक्झिक्युटिव्हसाठी करतोय, जाहिरातीत एक्सेल, एसक्यूएल, पॉवर बीआय मागितलंय."

उत्तर : बिघडतं ते असं, की मागितलेली गोष्ट आठव्या ओळीवर जाते आणि तिथपर्यंत कुणी पोचेलच असं नाही. सगळ्यात नवीन आधी असं लावलंत तर PL-300 यावेळी आपसूक वर येईल, पण उद्या योगशिक्षकाचा कोर्स केलात की तो तिच्या डोक्यावर बसेल. म्हणून तारीख ओळीच्या शेवटी जाऊ दे. क्रम जाहिरातीने ठरवावा.

शिवाय तुमची आठही प्रमाणपत्रं एका जातीची नाहीत. PL-300 ही देखरेखीखाली होणारी परीक्षा, १००० पैकी ७०० मिळाले तरच पास. मुदत एक वर्षाची, नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट. मुदत संपत आली असेल तर आधी ते उरका, कारण एकदा टळली की परीक्षाच पुन्हा द्यावी लागते. मग पहिली ओळ पूर्ण नावाने लिहा, कारण उमेदवार शोधणारा कधी नाव टाकतो, कधी कोड :

```
Microsoft Certified: Power BI Data Analyst Associate, PL-300
```

पुढे मिळाल्याचा महिना-वर्ष आणि पडताळणीची लिंक.

एसक्यूएलच्या कोर्सचं तसं नाही. ते प्रमाणपत्र बहुतेक वेळा एवढंच सांगतं की तुम्ही धडे संपवलेत. ऑफिसात थकबाकीचा एखादा रिपोर्ट एसक्यूएलमधून काढला असेल, तर तो नोकरीच्या अनुभवात लिहा. कोणती टेबलं जोडली, रिपोर्ट कोण वापरतं, हेही येऊ दे. तसं काम केलेलं असलं की कोर्स दुसऱ्या ओळीवर शोभतो. टॅली आणि जीएसटी मिळून तिसरी ओळ, कारण एमआयएसचा बराचसा डेटा तिथूनच येतो. एक्सेलचं प्रमाणपत्र यादीत दिसत नाही; त्यासाठी नवा कोर्स लावू नका, रोज वापरता ते पिव्होट आणि लुकअप अनुभवातच दाखवा.

डिजिटल मार्केटिंग गाळा. पायथनही गाळा, आणि ते जरा आग्रहाने सांगते. तोंडओळखीची ओळ लिहिली की मुलाखत घेणारा हमखास तिथेच बोट ठेवतो : "पायथनच्या पांडाज लायब्ररीत दोन टेबलं कशी जोडाल?" तुम्ही अडखळलात की PL-300वरही शंका घेतली जाते.

एमएस-सीआयटी आणि टायपिंग या अर्जात नकोत, पण फाइलमध्ये जपून ठेवा. उद्या राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदाचा फॉर्म भरलात तर तिथे मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट ही पात्रतेची अट असते. त्या फॉर्मपुढे तुमच्या PL-300ला कुणी विचारणार नाही.