‘वेगळ्या दिवशी’ हे दोन शब्द गळाले, तेव्हापासून मी काम घेण्याआधीच सांगते

मी जळगावात राहते आणि मराठी मजकूर लिहून देते. खतांची माहितीपत्रकं, ठिबकच्या पुस्तिका, बियाण्याच्या पाकिटावरच्या सूचना, असं बहुतेक काम. एआय टूल वापरते आणि आज प्रत्येक क्लायंटला ते आधी सांगते. एका कामात मात्र सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, म्हणून मीही बोलले नाही. त्या कामात जे झालं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण आपल्या भागात आता बरेच जण हे काम करतात आणि करारावर न वाचता सही करतात.

पाण्यात विरघळणारी खतं विकणारी एक कंपनी. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी बागायतदारांना वाटायची ३२ पानी पुस्तिका. मूळ मजकूर त्यांच्या कृषितज्ज्ञांनी इंग्रजीत लिहिलेला, सुमारे ९,००० शब्द. शब्दाला पावणेदोन रुपये दर, म्हणजे १५,७५० रुपये. मुदत एक आठवडा.

मी मजकूर तुकड्यातुकड्यानं टूलमध्ये टाकला आणि एका दिवसात कच्चा मसुदा तयार झाला. मग वाचायला बसले. तिसऱ्याच पानावर शीर्षक दिसलं, ‘कांद्याची बाग’. मुळात रोमन लिपीत Kande Bag लिहिलं होतं. आपल्याकडे जून-जुलैत लावलेली केळी ती मृगबाग आणि ऑक्टोबरच्या आसपास लावलेली ती कांदेबाग, हे यावलमधलं शाळकरी पोरही सांगेल. टूलनं ‘कांदे’ वाचलं आणि पुढच्या परिच्छेदात कांदा पिकाची लागवड आणून बसवली. ही चूक लगेच सापडली, दुरुस्त केली आणि वाटलं, आपली तपासणी पक्की आहे. खरा धोका इथेच होता. जी चूक वेडीवाकडी दिसते ती सापडते, आणि ती सापडली की बाकीच्या मजकुरावर आपला विश्वास उगाच वाढतो.

खतांचा तक्ता एकोणिसाव्या पानावर होता. तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप होती. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी सोडावं, १२:६१:०० हे फॉस्फेटचं खत किंवा मॅग्नेशियम सल्फेट यांच्यासोबत एकाच टाकीत कालवू नये. मी टूलला सांगितलं होतं की तक्त्याची शेतकऱ्याला समजतील अशी वाक्यं कर. त्यानं लिहिलं, ‘ही सर्व खते २०० लिटरच्या ड्रममध्ये चांगली विरघळवून घ्यावीत आणि व्हेंच्युरीमधून सोडावीत.’ मराठी एकदम स्वच्छ. कुठे अडखळायला होत नाही. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा पुढे गेले.

छपाईला जायच्या आधी कंपनीच्या फिल्ड ऑफिसरनी प्रूफ पाहिलं आणि फोन केला. “ताई, पान एकोणीस तुम्ही स्वतः लिहिलं का? असं केलं तर शेतकऱ्याच्या ठिबकच्या नळ्या जाम होतील.” मी खरं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही, पण ती शांतताच मला जास्त लागली.

त्या रविवारी मी मामांच्या शेतात जाऊन स्वतः पाहिलं. काचेच्या बाटलीत पाणी घेतलं, थोडं १२:६१:०० विरघळवलं. पाणी स्वच्छ. मग दुसऱ्या ग्लासात विरघळवलेलं कॅल्शियम नायट्रेट त्यात ओतलं. पाणी लगेच दुधाळ झालं आणि थोड्या वेळानं तळाशी पांढरा गाळ बसला. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट तयार होतं, आणि सल्फेटसोबत आले की जिप्सम. ड्रममध्ये खत घट्ट असतं, म्हणून तिथे हे जोरात होतं. तो गाळ फिल्टरवर आणि ड्रिपरच्या बारीक वाटेत अडकतो. खत मुळापर्यंत जात नाही ते वेगळंच. ‘वेगळ्या दिवशी’ हे दोन शब्द गळाल्यानं एवढं होणार होतं.

नंतर कंपनीनं माझ्यापुढे करार ठेवला. मी सही केलेल्या दोन पानांत तीन वाक्यं होती, जी मी कधी नीट वाचली नव्हती. मजकूर मी स्वतः तयार केलेला आणि अचूक असेल. त्यातल्या चुकीमुळे कंपनीचं नुकसान झालं तर भरपाई मी देईन. कंपनीची माहिती मी तिसऱ्या कुणालाही देणार नाही. आता विचार करा. पुस्तिका छापून वाटली गेली असती आणि चार जणांच्या बागेतल्या नळ्या बंद पडल्या असत्या, तर टूलनं चूक केली असं म्हणून मी सुटले असते का? करारात टूलचं नावही नाही, सही माझी आहे. शिवाय बाजारात न आलेल्या खताची माहिती असलेली त्यांची फाइल मी मोफत खात्यात टाकली होती आणि तिथल्या सेटिंगमध्ये आपलं संभाषण मॉडेल सुधारायला वापरण्याची परवानगी चालू होती. कंपनीच्या वकिलानं त्याला ‘तिसऱ्याला माहिती देणं’ म्हटलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी निम्मे पैसे थांबवले. मी पूर्ण पुस्तिका पुन्हा तपासून दिली, मग उरलेले मिळाले. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

त्या दुसऱ्या तपासणीत मला जे उमगलं ते सांगते. टूलचा मसुदा नुसता मराठीत वाचून उपयोग नाही, कारण त्याची चूक भाषेत नसते. मूळ मजकूर डाव्या हाताला आणि मसुदा उजव्या हाताला ठेवून दोनदा वाचावं लागतं, आणि दोन्ही वेळा दिशा वेगळी लागते. पहिल्यांदा मुळातलं एकेक वाक्य घ्यायचं आणि ते मसुद्यात कुठे आलं ते शोधायचं. गळालेलं असं सापडतं. दुसऱ्यांदा मसुद्यातलं एकेक वाक्य घ्यायचं आणि ते मुळात कुठे आहे ते शोधायचं. मनानं घातलेलं असं सापडतं. बरेच जण फक्त दुसरी दिशा करतात, आणि ‘वेगळ्या दिवशी’ त्या दिशेनं कधीच सापडलं नसतं, कारण मसुद्यात ते नव्हतंच.

आता मी टूल उघडायच्या आधी मूळ मजकुरातून एक यादी काढते. त्यात प्रत्येक ‘करू नये’, ‘वेगळं’, ‘आधी’, ‘नंतर’, ‘फक्त’ आणि प्रत्येक आकडा त्याच्या एककासह लिहिते. एककाशिवाय आकडा लिहायचाच नाही. ‘हजार झाडांना पाच किलो’ आणि ‘एकरी पाच किलो’ यांत किती फरक आहे ते केळीवाल्याला सांगायला नको. सहा बाय पाच फुटांवर एकरात साडेचौदाशेच्या आसपास झाडं बसतात, म्हणजे मात्रा जवळपास दीडपट. त्या पुस्तिकेत अशा ६३ नोंदी निघाल्या. मसुद्यात त्यातल्या ५८ बरोबर होत्या, पाच नव्हत्या. तक्ते तर मी आता टूलला देतच नाही, स्वतः लिहिते.

आता सांगण्याबद्दल. बरेच जण म्हणतात, शेवटी एक ओळ टाकली की झालं, ‘एआयच्या मदतीनं तयार केलं’. मला हे पटत नाही. काम झाल्यावर सांगितलेलं क्लायंटच्या कामाचं नसतं, त्याच्या हातात निवड उरलेली नसते. २०२५ मध्ये डेलॉइट या सल्लागार कंपनीनं ऑस्ट्रेलिया सरकारसाठी केलेल्या सुमारे ४,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले, कोर्टाच्या निकालातलं बनावट अवतरणही निघालं. एआय वापरल्याचा उल्लेख दुरुस्त आवृत्तीत आला. पैशाचा काही भाग परत द्यावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीला उशिरा सांगणं महागात पडलं, आपलं तर नावच भांडवल आहे.

म्हणून माझ्या कामाच्या पत्रात आता कामाआधीच हा मजकूर असतो, हवा असेल तर घ्या. ‘पहिल्या मसुद्यासाठी एआय टूल वापरेन. मात्रा, तक्ते आणि सुरक्षेच्या सूचना मी स्वतः लिहीन. संपूर्ण मजकूर मुळाशी दोन्ही दिशांनी ताडून देईन. आपण गोपनीय म्हणून कळवलेला भाग कोणत्याही टूलमध्ये टाकणार नाही. तांत्रिक अचूकतेची अंतिम मान्यता आपल्या कृषितज्ज्ञांची लेखी असेल. माझी जबाबदारी या कामाच्या मोबदल्याच्या रकमेपुरती राहील.’ शेवटच्या वाक्यावर लोक अडतात. अडू द्या, बोला. पंधरा हजारांच्या कामावर अमर्याद भरपाईची सही करू नका.

हक्कांचंही लिहून ठेवा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनंच दुसऱ्याकडे जातात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. संगणकानं तयार झालेल्या लेखनात ते ज्यानं करवून घेतलं त्याला लेखक मानायची तरतूदही कायद्यात आहे, पण ती १९९४ ची आहे, आजच्या टूलसाठी लिहिलेली नाही. म्हणून ‘यातलं एकही वाक्य दुसरीकडे सापडणार नाही’ अशी हमी मी देत नाही. तेच टूल दुसऱ्यालाही मिळतंजुळतं वाक्य देऊ शकतं.

काही क्लायंट मजकूर एआयनं लिहिलाय का ते सांगणाऱ्या डिटेक्टरमध्ये टाकून टक्केवारी पाठवतात. त्यावर भांडू नका, मुळाशी ताडल्याची खुणा केलेली प्रत दाखवा. ओपनएआयनं स्वतःचा असा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केला होता.

राहिला दराचा प्रश्न. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका एजन्सीनं मला म्हटलं, टूल वापरता ना, मग शब्दाला साठ पैसे घ्या. मी त्यांना केळीच्या पुस्तिकेचे तास लिहून पाठवले. कच्चा मसुदा सहा तास, नोंदींची यादी चार तास, दोन्ही दिशांचं वाचन नऊ तास, तक्ते आणि सूचना हातानं पाच तास. चोवीस तासांतले अठरा तपासणीचे आणि स्वतः लिहिण्याचे. साठ पैशांत हे अठरा तास बसत नाहीत, आणि तेच कमी करा म्हणाल तर मी काम घेणार नाही, असं कळवलं. त्यांनी सव्वा रुपया म्हटलंय. मी दीडवर थांबलेय.